शिक्षा किती, भोगली किती

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि तालुक्याच्या गावी त्यांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तीवेतन योजनाही सुरू झाली. नंतर गावोगावी स्मरणिका निघाल्या, चौकांना नावं दिली गेली, शाळांच्या भिंतींवर फलक लागले आणि बहुतेकांवर नावापुढे एक आकडा आला : तीन वर्षं कारावास, पाच वर्षं कारावास. तो आकडा कुठून आला, हे फलक लावणाऱ्याला बहुधा कुणी विचारलेलं नसतं. नातवंडांच्या पिढीला मात्र आता ते विचारावंसं वाटू लागलं आहे. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांची तर त्यावाचून सुटकाच नाही.

उत्तर दोन ठिकाणी सापडतं : निवृत्तीवेतनाच्या फायलीत आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांत. ही कागदपत्रं वेगवेगळ्या कारणांसाठी तयार झाली. तुरुंगाची वही लिहिणाऱ्या कारकुनाला कैदी देशभक्त आहे की भुरटा चोर, याच्याशी कर्तव्य नव्हतं. माणूस आत कधी आला आणि बाहेर कधी जाणार, एवढंच त्याला हवं होतं. निवृत्तीवेतनाची फाइल त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी तयार झाली, आणि तीही अर्जदार पात्र आहे की नाही एवढंच ठरवायला. दोन्ही कागद एकमेकांना लावून वाचले तरच काही हाती येतं.

आधी फाइलच्या स्वभावाविषयी. केंद्राच्या योजनेत पात्रतेसाठी किमान सहा महिन्यांचा प्रत्यक्ष तुरुंगवास लागत असे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी ही अट तीन महिन्यांची होती. सुरुवातीला उत्पन्नाची मर्यादाही होती. १ ऑगस्ट १९८० पासून ती काढून टाकली आणि योजनेला ‘स्वातंत्र्यसैनिक सन्मान’ हे नाव मिळालं. महाराष्ट्र शासनाची स्वतःची योजना वेगळी. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन फायली असू शकतात : एक दिल्लीत गृह मंत्रालयाकडे, दुसरी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाकडे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिक शाखेत या दोन्हींची काही कागदपत्रं राहिलेली असतात.

सहा महिन्यांच्या त्या अटीमुळे फाइलचं रूपच ठरतं. एका माणसानं तीनदा तुरुंगवास भोगला असेल आणि त्यातल्या एका खेपेचा दहा महिन्यांचा दाखला सहज मिळाला असेल, तर बाकीच्या दोन खेपा सिद्ध करायची त्याला गरजच उरत नसे. अर्जात तो त्यांचा उल्लेख करी, पण पुरावा एकाच खेपेचा जोडी. कार्यालयही तेवढाच तपासून मंजुरी देई. म्हणून ‘फाइलमध्ये दहाच महिने निघाले’ यावरून ‘माणूस दहाच महिने आत होता’ असं म्हणता येत नाही. उलट अर्जात लिहिलेलं सगळं शासनानं मान्य केलं, असंही मंजुरीच्या पत्रावरून सिद्ध होत नाही. मंजुरीनं एवढंच कळतं की अट पुरी झाली.

फाइल उघडली की आधी मूळ अर्ज शोधावा. तो स्वतः अर्जदारानं भरलेला असतो, बहुधा सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात, आणि स्मरणिकेतल्या मजकुरापेक्षा तो घटनेला जवळ असतो. त्यात अटकेचं ठिकाण, कलम, न्यायालय आणि तुरुंगांची नावं येतात. त्यानंतर पुराव्याचा भाग. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे तुरुंग अधिकाऱ्यांचा, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा राज्य शासनाचा दाखला. त्यात शिक्षेची मुदत, दाखल झाल्याची तारीख, सुटकेची तारीख आणि सुटकेचं कारण असावं लागतं. हे चारही रकाने भरलेले असतील तर काम सोपं होतं. बऱ्याच दाखल्यांत मात्र शिक्षेची मुदत आणि एकच तारीख असते. तिथून पुढे तुरुंगाच्या वह्यांकडे वळावं लागतं.

तुरुंगात कोणत्या वह्या ठेवायच्या, हे १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या बाराव्या कलमात सांगितलं आहे. दाखल झालेल्या कैद्यांची वही, प्रत्येक कैदी केव्हा सुटायचा ते दाखवणारं पुस्तक, तुरुंगातल्या गुन्ह्यांसाठी दिलेल्या शिक्षांचं पुस्तक, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांचं पुस्तक आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद. यांपैकी पहिल्या दोन वह्या वर्षं मोजायला लागतात, पण शेवटचीही विसरू नये. दाखल्याच्या वहीचं पान फाटलेलं असताना, एका धोतराची, एका टोपीची आणि दोन आण्यांची जमा-परत दोन्ही नोंदी सापडून आत-बाहेरच्या तारखा कळू शकतात.

कच्च्या कैद्यांची वही पक्क्या कैद्यांपेक्षा वेगळी असते, आणि खटला न चालवता ठेवलेल्या स्थानबद्धांची आणखी वेगळी. हे ठाऊक नसलं की शिक्षा झालेल्यांच्या वहीत नाव न सापडल्यानं माणूस तुरुंगात गेलाच नव्हता, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. १९४२ च्या बाबतीत ही चूक फार होते. भारत संरक्षण नियमांखाली पकडलेल्या अनेकांना शिक्षा झालीच नव्हती. ते आदेशावर आत होते, मग शिक्षेच्या वहीत त्यांचं नाव कसं असणार?

आता एक नमुना घेऊन हिशेब करू. माणूस कल्पित आहे, पण त्याच्या कागदांत ज्या अडचणी आहेत त्या अशा फायलींत नेहमी भेटतात. जुन्या सातारा जिल्ह्यातला एक शेतकरी. गावच्या फलकावर त्याच्या नावापुढे ‘पाच वर्षं कारावास’ लिहिलं आहे. घरचेही तेच सांगतात. १९७२ च्या अर्जात त्यानं स्वतः लिहिलं आहे : ‘तीन वेळा मिळून सुमारे अडीच वर्षं’. फाइलला १९३२ सालचा तुरुंगाचा एक दाखला आहे आणि १९४२ साठी सहबंद्यांची दोन प्रमाणपत्रं. १९३० च्या खेपेला काहीच पुरावा जोडलेला नाही.

पहिली खेप जंगल सत्याग्रहाची. राखीव जंगलातलं गवत कापलं म्हणून ३ सप्टेंबर १९३० ला अटक. १५ सप्टेंबरला तालुक्याच्या न्यायालयात सहा महिने सक्तमजुरी आणि पन्नास रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा आठवडे. तालुक्याच्या कच्च्या तुरुंगातून त्याला येरवड्याला पाठवलं, तिथून नगर जिल्ह्यातल्या विसापूरला. इथे पहिली अडचण कलमाची येते. वहीत कलम चोरीचं असू शकतं. विदर्भात लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावरही भारतीय दंडविधानाचं ३७९ वं, म्हणजे चोरीचं कलम लावलं होतं. त्यामुळे वहीतलं ‘३७९’ पाहून ही नोंद दुसऱ्याच कुणा चोराची आहे, असं समजून पुढे जाऊ नये. त्याच तारखेला, त्याच न्यायालयातून, त्याच गावचे आणखी आठ-दहा जण तेच कलम घेऊन आत आले असतील, तर ती सत्याग्रहींची तुकडीच आहे.

दुसरी अडचण सुटकेची. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला आणि अहिंसक सत्याग्रहाच्या कैद्यांना मुदतीआधीच सोडायला सुरुवात झाली. आमचा शेतकरी ८ मार्चला सुटला. सुटकेच्या पुस्तकातल्या रकान्यात ‘शासनाच्या आदेशानुसार’ असं कारण आहे. शिक्षा १५ सप्टेंबरपासून मोजली तर सहा महिने १४ मार्चला पुरे व्हायचे होते आणि दंडापोटीचे सहा आठवडे त्यानंतर सुरू व्हायचे होते. म्हणजे ते सहा आठवडे त्यानं भोगलेच नाहीत. न्यायालयाचा निकाल हाती घेऊन जो हिशेब करतो, तो साडेसात महिने लिहितो. सुटकेचं पुस्तक पाहणाऱ्याला खरी तारीख मिळते. मात्र निकालाचाही इथे उपयोग आहे, कारण अटकेची तारीख त्यातच आहे. येरवड्याच्या वहीत दाखल होण्याची तारीख शिक्षेनंतरची आहे आणि त्याआधीचे बारा दिवस तिच्यात नाहीत. अटकेपासून सुटकेपर्यंत दोन्ही दिवस धरून १८७ दिवस होतात.

दुसरी खेप १९३२ ची. १२ जानेवारीला अटक, २० जानेवारीला एक वर्ष सक्तमजुरी. शिक्षा १९ जानेवारी १९३३ ला संपायची होती. फाइलमधला तुरुंगाचा दाखला सांगतो, सुटका २८ नोव्हेंबर १९३२. मधल्या ५२ दिवसांचं काय झालं? चांगल्या वर्तनाबद्दल आणि कामाबद्दल कैद्याला दर महिन्याला काही दिवसांची माफी मिळत असे आणि ती साचत जाई. ती कैद्याच्या हिस्टरी तिकिटावर चढवली जाई. तुरुंगातला कैद्याचा सगळा प्रवास त्या तिकिटावर असे : कोणतं काम दिलं, केव्हा आजारी पडला, काय शिक्षा झाली, किती दिवस माफी मिळाली. तिकीट मिळालं तर ५२ दिवसांचा हिशेब तिथेच जुळतो. नाही मिळालं, तर शिक्षेचा शेवटचा दिवस आणि सुटकेचा दिवस यांतलं अंतर त्या मुदतीत मिळण्याजोग्या माफीइतकंच आहे ना, एवढं पाहता येतं. एक वर्षाच्या शिक्षेत चार-पाच महिन्यांची तफावत निघाली तर मात्र दुसरं कारण शोधावं लागतं : आजारपण, अपिलात शिक्षा कमी होणं, किंवा तारीख लिहिताना झालेली चूक.

प्रत्यक्ष दिवस मोजले तर ३२२ होतात. १९३२ हे लीप वर्ष, त्यामुळे फेब्रुवारीचे २९ धरायचे. योजनेच्या नियमांत मात्र नेहमीची माफी एका महिन्यापर्यंत तुरुंगवासातच धरली जाई. म्हणून निवृत्तीवेतनाच्या हिशेबात हेच दिवस ३५२ ठरतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. शासनानं पात्रतेसाठी धरलेला काळ एक आणि माणूस खरोखर भिंतींच्या आत असल्याचा काळ दुसरा. चरित्रात दुसरा लिहावा. फाइलमधल्या टिपणीतला आकडा चरित्रात तसाच उतरवल्यानं असे महिने पुष्कळ ठिकाणी वाढले आहेत. त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. खटल्याचा शेवट शिक्षेत झाला असेल तर कच्च्या कैदेचा काळ धरायचा, आणि तुटक तुटक खेपांची बेरीज करायची. या दोन बाबतींत मात्र नियमाचा हिशेब आणि चरित्राचा हिशेब एकच आहे.

तिसरी खेप सर्वांत अवघड. १४ ऑगस्ट १९४२ ला अटक, खटला नाही, स्थानबद्धता. फाइलमध्ये तुरुंगाचा दाखला नाही. ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ असं राज्य शासनाचं प्रमाणपत्र आहे. अशा वेळी केंद्राच्या योजनेत दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रं चालत. प्रमाणपत्र देणाऱ्याचा स्वतःचा किमान एक वर्षाचा तुरुंगवास सिद्ध झालेला असावा आणि तो अर्जदाराबरोबर त्याच तुरुंगात असावा, अशी अट होती. प्रमाणपत्र देणारा आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल तर एकच पुरे.

सहबंद्याच्या प्रमाणपत्राकडे बघण्याचे दोन टोकाचे मार्ग दिसतात. काही जण ते डोळे मिटून मानतात, तर काही जण गावातल्या ओळखीचा कागद म्हणून बाजूला टाकतात. दोन्ही मला पटत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा घेता येते आणि ती प्रमाणपत्र देणाऱ्याच्या तारखांवरून घ्यायची. या फाइलमधला पहिला सहबंदी लिहितो, ‘आम्ही ऑगस्ट १९४२ पासून नोव्हेंबर १९४३ पर्यंत नाशिक रोडच्या तुरुंगात बरोबर होतो.’ त्याची स्वतःची फाइल काढली तर दिसतं की तो जानेवारी १९४३ मध्ये येरवड्याहून नाशिक रोडला आला. तो खोटं बोलतोय असं नव्हे. तीस वर्षांनंतर माणसाला सगळी कैद सलग आठवते. पण त्याच्या साक्षीचं वजन जानेवारी १९४३ पासूनच धरायचं. आधीच्या पाच महिन्यांसाठी दुसरा आधार शोधायचा. दुसऱ्या सहबंद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी : त्यानं अशी किती प्रमाणपत्रं दिली आहेत? एकाच हातानं, एकाच मसुद्यात, तारखासुद्धा त्याच ठेवून दिलेली अनेक प्रमाणपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयात सापडली, तर प्रत्येक अर्जदाराचा काळ वेगळा तपासल्याशिवाय त्यांवर विसंबता येत नाही.

दुसरा आधार बहुधा सापडतो. स्थानबद्धाची वही नसली तरी स्थानबद्धतेचा आदेश कुणीतरी काढलेला असतो आणि त्याची प्रत वर गेलेली असते. मुंबईत काळाघोडा इथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे मुंबई सरकारच्या गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. त्यांत अटकेचे अहवाल, नावांच्या याद्या आणि सुटकेचे आदेश मिळतात. आमच्या शेतकऱ्याचा अटकेचा आदेश तिथे मिळाला असं धरू, आणि त्याच फाइलीत एक लहानसा कागदही : आई अत्यवस्थ असल्यामुळे एप्रिल १९४३ मध्ये २१ दिवसांचा पॅरोल. घरच्यांना तो आठवतो, पण ‘तेव्हा आजोबा घरी आले होते’ अशा आठवणीच्या रूपात, आणि म्हणून घरातले काही जण सुटकाच तेव्हा झाली असं समजतात. त्यानंतर त्यांना परत आत जावं लागलं. सुटकेचा आदेश २० नोव्हेंबर १९४३ चा आहे. १४ ऑगस्ट १९४२ पासून तोवर ४६४ दिवस होतात, त्यांतून पॅरोलचे २१ वजा केले की ४४३ उरतात.

बेरीज १८७, ३२२ आणि ४४३ : एकूण ९५२ दिवस, म्हणजे सुमारे दोन वर्षं सात महिने. अर्जातली ‘सुमारे अडीच वर्षं’ ही त्या माणसाची स्वतःची आठवण कागदांशी चांगली जुळते. मग फलकावरची पाच वर्षं कुठून आली? तुरुंगवास ज्या सालांत झाला ती मोजून पाहा : १९३०, १९३१, १९३२, १९४२, १९४३. नंतरच्या कुणीतरी सालं मोजली आणि ती वर्षं झाली. यात कुणी फसवलेलं नाही. पण हा आकडा एकदा दगडावर कोरला की पुढच्या पुस्तकांत तोच उतरतो.

तुरुंगांच्या बदल्या हा या कामातला सर्वांत थकवणारा भाग आहे. सत्याग्रहाच्या काळात तुरुंग भरून जात आणि कैद्यांना सारखं हलवलं जाई. साने गुरुजींचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९३० च्या खेपेत ते धुळ्याच्या तुरुंगातून थेट त्रिचनापल्लीला गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. एवढा प्रसिद्ध माणूस नसता आणि आपण फक्त धुळ्याची वही पाहिली असती, तर प्रत्येक खेपेचा उत्तरार्ध हातून निसटला असता. धुळ्याच्या वहीत ‘गेला’ ही तारीख असते. पण गेला तो सुटून की दुसऱ्या तुरुंगात, हे शेजारच्या शेऱ्यावरून पाहावं लागतं. बदलीची तारीख सुटकेची समजली की महिने कमी होतात. उलट एकाच शिक्षेच्या दोन तुरुंगांतल्या नोंदी दोन स्वतंत्र शिक्षा समजल्या की महिने दुप्पट होतात. खटल्याचा क्रमांक, न्यायालय आणि शिक्षेची तारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या तर शिक्षा एकच.

शिवाय तेव्हाचा मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. दक्षिण महाराष्ट्रातले कैदी बेळगावच्या हिंडलग्याला जात. तो तुरुंग आता कर्नाटकात आहे. साबरमती गुजरातेत गेली. सिंध तर १९३६ पर्यंत इलाख्यातच होता. त्यामुळे ‘महाराष्ट्रात नोंद नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन गोष्टी एक नाहीत. राज्य शासनाचं ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ हे प्रमाणपत्र वाचताना कोणत्या तुरुंगाच्या वह्या पाहून ते दिलं आहे, हे आवर्जून बघावं.

नावाचा गोंधळ तर ठरलेलाच. त्या काळच्या वहीत आडनाव असेलच असं नाही : ‘गणू बिन राणू’, जात, गाव, अंदाजे वय, उंची, अंगावरची खूण. पंचवीस वर्षांचा माणूस एका वहीत बावीसचा आणि दुसरीत तिसाचा असतो, कारण वय विचारून किंवा पाहून लिहिलं जाई. वयापेक्षा वडिलांचं नाव, गाव आणि अंगावरची खूण जास्त भरवशाची. कपाळावरचा जखमेचा व्रण घरातल्या वृद्ध व्यक्तीला आठवतो आणि वहीतही लिहिलेला असतो. असा दुवा जुळला की दोन गणूंमधला आपला कोणता, हा प्रश्न सुटतो.

मराठवाड्यात सगळंच वेगळं. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नोंदी उर्दूत असत आणि तारखा फसली सनाच्या. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होई. ‘फसलीत ५९० मिळवा की इसवी सन’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांना लागू पडतं. जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. फरक एका वर्षाचा दिसतो, पण त्यानं अर्थ उलटतो. ७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्यासाठी सत्याग्रह सुरू केला. तो फसली १३५६ चा शेवट. ५९० मिळवून बसलो तर अटक १९४६ च्या ऑगस्टची ठरते, लढ्याचं ते पर्व सुरू होण्याच्या वर्षभर आधीची, आणि एक खरा सत्याग्रही खोटा वाटू लागतो. तसंच १३५७ च्या आबान महिन्यातली सुटका सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे पोलीस कारवाईच्या आसपासची. तिला सप्टेंबर १९४७ समजलं तर वर्षाचा तुरुंगवास नाहीसाच होतो. महिन्याचं नाव पाहिल्याशिवाय सन बदलू नये.

तिथले पुष्कळ लोक तुरुंगात नव्हे, तर सरहद्दीबाहेरच्या शिबिरांत होते. त्यांच्या सहभागाला तुरुंगाची वही साक्ष देऊच शकत नाही. त्यांचा काळ ‘कारावास’ म्हणून लिहिणंही बरोबर नाही. भूमिगत किंवा शिबिरातला काळ वेगळा मांडावा. याच मोकळ्या जागेत खोटी प्रकरणंही शिरली. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, न्यायमूर्ती पालकर आयोग नेमला गेला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्यावर निकाल द्यावा लागला. दुसऱ्या बाजूला, त्याआधी २००१ मध्ये गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात याच न्यायालयानं सांगितलं होतं की अशा अर्जांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये, शक्यतेचा कल पाहावा. मला हे दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. साठ वर्षांपूर्वी जाळलेल्या वहीचं पान म्हाताऱ्याकडे मागणं हा अन्याय आहे. पण जी वही आहे, ती उघडून न पाहणं हाही त्याच वहीत ज्यांची नावं आहेत त्यांच्यावरचा अन्याय आहे.

कागद मिळवायचे कसे? जिल्हाधिकारी कार्यालयात कुटुंबीयांनी अर्ज केला तर फाइलची प्रत बहुधा मिळते. माहिती अधिकारात ‘खासगी माहिती’ म्हणून नकार आला, तर कायद्याच्या आठव्या कलमाचं तिसरं उपकलम दाखवावं. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना काही मोजके अपवाद सोडले तर ती सबब चालत नाही. अर्जात ‘सर्व कागद’ असं मोघम मागू नये. मूळ अर्ज, तुरुंगाचा दाखला, सहबंद्यांची प्रमाणपत्रं, अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र आणि मंजुरीची टिपणी अशी नावं घेऊन मागावं. केंद्राच्या जुन्या फायलींसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आधी चाळावं. गोव्याच्या लढ्यातल्या सत्याग्रहींना मात्र पोर्तुगीज लष्करी न्यायाधिकरणाच्या शिक्षा झाल्या होत्या. तिथे सुनावलेली आणि भोगलेली शिक्षा यांतली दरी सर्वांत मोठी. मधू लिमये यांना बारा वर्षं सुनावली गेली आणि ते १९५७ मध्ये, दोन वर्षांच्या आत सुटले. मोहन रानडे यांना सव्वीस वर्षं झाली आणि ते १९५५ पासून जानेवारी १९६९ पर्यंत आत राहिले, गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं लिस्बनजवळच्या तुरुंगात.

निष्कर्ष लिहिताना एकच बेरीज देऊ नये, खेपा वेगळ्या मांडाव्यात आणि प्रत्येकीपुढे आधार लिहावा. आमच्या शेतकऱ्याची नोंद अशी होईल : ‘३ सप्टेंबर १९३० ते ८ मार्च १९३१, अटक न्यायालयाच्या निकालावरून, सुटका सुटकेच्या पुस्तकावरून. १२ जानेवारी ते २८ नोव्हेंबर १९३२, अटक न्यायालयाच्या निकालावरून, सुटका तुरुंगाच्या दाखल्यावरून, ५२ दिवसांच्या माफीसह. १४ ऑगस्ट १९४२ ते २० नोव्हेंबर १९४३, गृह खात्याच्या आदेशांवरून, एप्रिल १९४३ मधला २१ दिवसांचा पॅरोल वगळून. जानेवारी १९४३ नंतरच्या काळाला एका सहबंद्याची साक्ष. सुटकेच्या आदेशाची तारीख मिळाली आहे, प्रत्यक्ष फाटकाबाहेर पडल्याची नाही.’ आदेश मुंबईतून निघून नाशिकला पोचायला एक-दोन दिवस लागले असतील. ते दिवस अंदाजानं मिळवू नयेत. उद्या नाशिक रोडची वही कुणाच्या हाती लागली, तर तो त्या जागी खरी तारीख घालू शकेल.